चड्डी खराब होत होती, कारण पोट साफ होत नव्हते

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याच्या चड्डीला रोज शी लागू लागली. कधी नुसता डाग असे, तर कधी पातळ, चिकट आणि फार उग्र वासाची शी. घराजवळच्या डॉक्टरांनी हे जुलाब समजून ते थांबवणारे औषध दिले. त्यानंतर त्याचे पोट अधिकच फुगले आणि भूक मंदावली. तो जवळजवळ रोज संडासला जाऊन येत असल्यामुळे बद्धकोष्ठाची शंका कोणालाच आली नाही. रोज होणारी शी अगदी थोडी असते आणि मध्येच कधीतरी संडास तुंबेल एवढी जाड, कडक शी होते, ही गोष्ट बालरोगतज्ज्ञांनी नेमके तसे विचारल्यावरच पुढे आली.

त्यांनी पोट हाताने दाबून तपासले, तेव्हा बेंबीखाली डाव्या बाजूला साठलेल्या मळाचा घट्ट गोळा लागला. जन्मल्यावर पहिली शी व्हायला दोन दिवसांहून जास्त वेळ लागला होता का, वजन घटते आहे का, शीतून रक्त जाते का, उलट्या होतात का, चालताना पाय लटपटतात का, असे प्रश्न त्यांनी विचारले. यांतील काही आढळले असते तर आतड्याच्या किंवा मणक्याच्या आजाराचा शोध घ्यावा लागला असता. तसे काही नसल्यामुळे एक्स-रेचीही गरज पडली नाही.

त्यांनी कारण समजावून सांगितले. एकदा कडक शी होताना दुखले की मूल घाबरून शी रोखून धरते. रोखलेल्या मळातील पाणी आतडे शोषून घेते, मळ आणखी कडक होतो आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. शाळेतील संडासात जाणे टाळणाऱ्या आमच्या मुलाच्या बाबतीत हे चक्र बराच काळ चालू होते. गुदाशय ताणून सैल झाला की भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि वरून येणारा पातळ मळ त्या खड्याच्या कडेने झिरपून नकळत बाहेर येतो. त्याला ते कळतच नव्हते आणि सतत सोबत असलेल्या वासाची नाकाला सवय झाली होती. म्हणून त्याला आळशी म्हणणे किंवा रागावणे घरात सर्वांनीच त्या दिवसापासून बंद केले.

पहिला टप्पा साठलेला मळ बाहेर काढण्याचा होता. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर या टप्प्यात वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम या हिशेबाने, साधारण तीन ते सहा दिवस देतात. मुलाचे वजन 24 किलो होते, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला 30 ग्रॅम, पाण्यात विरघळवून, दोन वेळांत विभागून द्यायला सांगितले. सुट्टी बघूनच आम्ही सुरुवात केली आणि ते बरे झाले, कारण या दिवसांत गळती कमी न होता वाढते. आधी खडे पडले, मग गढूळ पातळ शी झाली आणि अखेरीस खडे नसलेले, फिकट रंगाचे पाणी येऊ लागले. गोळा खरोखर गेला आहे, हे डॉक्टरांनी पुन्हा पोट तपासून ठरवले. उलट्या झाल्या किंवा पोट फार दुखून फुगले तर पावडर थांबवून लगेच यावे, अशी सूचना होती. एनिमा हा दुसरा पर्याय होता, पण शी करायलाच घाबरलेल्या मुलाला तो टाळता आला याचे मला समाधान वाटते.

खरा कस दुसऱ्या टप्प्यात लागतो. पोट मोकळे झाले तरी ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात, आणि तेवढा काळ शी मऊ ठेवली नाही तर खडा पुन्हा धरतो. पावडर रोज 10 ग्रॅमवर आणली आणि शी पिकलेल्या केळ्यासारखी मऊ राहील अशा बेताने डॉक्टरांना विचारून कमी-जास्त केली. औषधाची सवय लागेल, अशी आजीला काळजी होती. ही पावडर आतड्यातून अंगात फारशी शोषली जात नाही, ती फक्त मळात पाणी धरून ठेवते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या निश्चिंत झाल्या.

खाल्ल्यावर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे तो संडासात बसत असे. आमचा संडास कमोडचा असल्यामुळे पायांखाली पाट ठेवला, जेणेकरून गुडघे कमरेपेक्षा वर राहतील. शाबासकी द्यायची ती वेळेवर बसल्याबद्दल. चड्डी स्वच्छ राहिल्याबद्दल नाही, कारण ते त्याच्या हातात नव्हते.

निदान दोन महिने औषध आणि त्यात शेवटचा किमान एक महिना कोणताही त्रास नको, तरच मात्रा हळूहळू उतरवायची, हा डॉक्टरांचा नियम होता. आम्हाला त्याहून बराच जास्त वेळ लागला. परीक्षेच्या दिवसांत शी पुन्हा कडक झाली, तेव्हा पावडर थोडी वाढवावी लागली. आता ती बंद आहे. मात्र तीन दिवस शी झाली नाही किंवा चड्डीवर डाग दिसला, तर डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सांगण्यानुसार ती पुन्हा सुरू करायची, हे आमचे ठरलेले आहे.