46 टक्के असताना बंद पडलेला फोन

ट्रेकमधल्या तळाच्या छावणीपर्यंतच्या तीन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. चढ होता, धाप लागली, तंबू गार होते. लिहायचंय ते चौथ्या पहाटेबद्दल, कारण त्या अर्ध्या तासात मी खरोखर घाबरले होते.

साडेचारला निघालो तेव्हा वाटाड्याकडच्या तापमापकात उणे 12 होतं. वर वारा वेगळाच. फोन मी जाकिटाच्या बाहेरच्या खिशात ठेवला होता, फोटोसाठी पटकन हाती यावा म्हणून. खिंडीत पोहोचलो आणि उजाडायला लागलं. तीन फोटो काढले, मग व्हिडिओ सुरू केला. कोपऱ्यात 46 टक्के दिसत होते. दहा-बारा सेकंदांत पडदा काळा. बटण दाबलं, तर रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं आणि तेही विझलं. उतरायच्या वाटेचा नकाशा त्याच फोनमध्ये होता आणि पलीकडून धुकं चढत होतं.

मी पुन्हापुन्हा बटण दाबत राहिले. मैत्रिणीने चहासाठी पेटवलेल्या स्टोव्हकडे बोट दाखवलं, "जरा वर धर ना!" मी हात पुढे केलासुद्धा. वाटाड्याने मनगट धरलं. "ताई, शेकू नका. बंद करून आतल्या सदऱ्यात टाका, अंगाला लागून. आणि अर्धा तास विसरा."

नंतर वाचून कळलं की 46 टक्के हा आकडा खोटा नव्हता. ऊर्जा बॅटरीत होती, फक्त हवी त्या वेगाने बाहेर येत नव्हती. लिथियम-आयन बॅटरीतला द्रव थंडीत दाट होतो, आतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि अंतर्गत रोध वाढतो. फोन नुसता पडून असताना भागतं. पण कॅमेरा, उजळ पडदा आणि नेटवर्कचा शोध यांनी एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज घसरतं. ते ठरावीक मर्यादेखाली गेलं की फोन स्वतःला बंद करून घेतो. बॅटरी जुनी असेल तर रोध आधीच जास्त असतो, त्यामुळे ती कमी थंडीतही मान टाकते. माझा फोन चार वर्षांचा होता.

फोन का शेकायचा नाही, तेही तेव्हाच समजलं. स्टोव्हच्या धगीने बाहेरची काच आणि एक बाजू भराभर तापते, आतला भाग मात्र गारच राहतो. शिवाय बॅटरीला फार उष्णता धोक्याचीच. हात गरम करायच्या पुड्याही नुसत्या फोनला चिकटवू नयेत, काही पुड्या 50 अंशांच्या वर जातात. अंगाची ऊब त्या मानाने सौम्य, पण सगळीकडून लागते. घाम येत असेल तर फोन आधी कोरड्या पिशवीत घालावा.

मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र पुढची. फोन बंद पडल्यावर माझा हात पॉवर बँकेकडेही गेला होता. गोठणबिंदूखाली गेलेल्या बॅटरीत चार्ज ढकलला, तर लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरायच्या ऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूचा थर होऊन साचू शकतं. त्याने बॅटरीची क्षमता कायमची कमी होते, आणि पुढे आतल्या आत शॉर्ट सर्किटची भीती राहते. काही फोन अशा वेळी चार्ज घ्यायला नकार देतात, तेव्हा त्यांच्याशी झगडू नये. आधी ऊब, मग चार्जिंग.

पंचवीस मिनिटांनी फोन काढला. हाताला कोमट लागत होता. बटण दाबलं, चालू झाला, 43 टक्के. बॅटरी खरंच संपली असती, तर नुसत्या उबेने इतके टक्के परत आले नसते. विमान मोड लावला, पडद्याचा उजेड कमी केला, नकाशा एकदाच पाहिला आणि फोन परत आत. धुक्यातून उतरताना दोनदा वाट चुकता चुकता राहिली, दोन्ही वेळा तोच नकाशा उपयोगी पडला. वाटाड्याला वाट पाठ होती म्हणा, पण माझा जीव मात्र तेव्हाच भांड्यात पडला.

संध्याकाळी गरम, दमट झोपडीत शिरताना त्याने पुन्हा अडवलं. थंडगार फोन तसाच आत नेला तर हवेतली वाफ त्याच्यावर आणि त्याच्या आतही पाण्याचे थेंब होऊन बसते. म्हणून बाहेरच घट्ट बंद पिशवीत घातला आणि खोलीइतका उबदार होईपर्यंत उघडला नाही. मगच चार्जिंगला लावला. रात्री फोन आणि पॉवर बँक दोन्ही झोपायच्या पिशवीत घेतले, कारण पॉवर बँकेतही तशीच बॅटरी असते.