घड्याळ थांबतं, पण दहाच मिनिटं

"दादा, तुमच्या त्या सर्टिफिकेटचा पेपर किती तासाचा असते? अन मंधात बाथरूमले गेलं तं टाइम कटते काय?"

घाटंजीच्या बाजारात पकडून हे विचारणारी पोरं आता वाढली आहेत. मी सौर पंपांच्या प्रकल्पावर काम करतो आणि पीएमपी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या सर्टिफिकेटची परीक्षा, दिलेली आहे, म्हणून तिचंच सांगतो. 2021 च्या जानेवारीत जी रचना आली, तिच्यात 180 प्रश्नांना 230 मिनिटं मिळतात, म्हणजे चार तासांना दहा मिनिटं कमी. साठाव्या आणि एकशेविसाव्या प्रश्नानंतर दहा-दहा मिनिटांची सुट्टी असते. या दोन सुट्ट्यांत पेपरचं घड्याळ थांबतं. सुट्टी घेतलीच पाहिजे असं नाही, पण घेतली तरी 230 मधलं काही जात नाही. पेपर कॉम्प्युटरवर असतो, सुरुवातीला पडदा कसा वापरायचा ते दाखवतात, तेही त्यात धरत नाहीत. (रचना अधूनमधून बदलते, तेव्हा फी भरायच्या आधी त्या वेळचं हँडबुक वाचा.)

एवढं मलाही पाठ होतं. तरी फसलो.

सेंटर नागपूरला होतं. आदल्या रात्री पोचलो आणि सकाळी बसस्टँडजवळ तर्री पोहे हाणले. तर्री झणझणीत होती, त्यावर दोन गिलास पाणी प्यालो. पंचेचाळिसाव्या प्रश्नाला पोटावर ताण यायला लागला. हात वर करून जाता आलं असतं. सेंटरवर सुट्टीबाहेर उठू देतात, पण तेव्हा घड्याळ चालूच राहतं. जायला-यायला आणि परत झडती द्यायला सहा-सात मिनिटं गेली असती, म्हणजे पाच प्रश्नांची वेळ. म्हणून दाबून बसलो.

साठावा प्रश्न झाल्यावर लगेच सुट्टी लागत नाही. आधी त्या साठ प्रश्नांची यादी पडद्यावर येते, कोणते सोडले, कोणत्यांवर खूण केली ते दिसतं. तिथे बसून तपासा, घड्याळ चालूच असतं. तो भाग बंद केला की मगच सुट्टीचं विचारतात, आणि एकदा बंद केलेल्या साठांकडे परत जाता येत नाही. माझ्या पाच प्रश्नांवर खुणा होत्या. बाथरूमच्या घाईत एकही उघडून न पाहता भाग बंद केला. ते पाच प्रश्न तिथेच गेले. वेळेपेक्षा त्यांचं जास्त लागलं.

तोवर 88 मिनिटं गेली होती. 230 चे तीन सारखे वाटे केले तर एका भागाला पावणेसत्त्याहत्तरच्या आसपास येतात. पण तीन घड्याळं नसतात, एकच असतं, आणि पहिल्या भागातली उधळपट्टी पुढच्या दोन भागांना फेडावी लागते. माझ्याकडे 120 प्रश्नांना 142 मिनिटं उरली. एका प्रश्नाला 77 सेकंद मिळायचे ते 71 झाले. ऐकायला काहीच नाही, पण लांबलचक प्रसंग देऊन विचारलेला एक प्रश्न दोनदा वाचला की सहा सेकंद उडतात.

बाथरूमहून आलो तर दारात माझ्यापुढे आणखी एक जण उभा. खिसे उलटे करून दाखव, बाह्या वर कर, चष्मा दे, ओळखपत्र दे, सही कर. हे सगळं त्या दहा मिनिटांतच बसवायचं असतं, आणि दहा संपली की पेपरचं घड्याळ आपोआप सुरू होतं, तुम्ही दारात असा की खुर्चीत. मी बसलो तेव्हा पडद्यावर 140 होते.

दुसऱ्या भागात 70 मिनिटं लागली. या वेळी खुणा केलेले प्रश्न आधी पाहिले, मग भाग बंद केला, आणि सुट्टीत सहाव्या मिनिटालाच दारात जाऊन उभा राहिलो. तिसरा भाग 66 मिनिटांत झाला. चार मिनिटं उरली.

घरून पेपर देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की या दोन सुट्ट्यांखेरीज कॅमेऱ्यासमोरून उठलं तर पेपरच रद्द होऊ शकतो. आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही, म्हणून मी सेंटरच बरं म्हणतो.

आणि माझं ऐकून दुसऱ्या परीक्षेला तसंच धरून चालू नका. माझी मामेबहीण नर्स आहे, तिने अमेरिकेत नर्सचं लायसन मिळवायची एनक्लेक्स परीक्षा दिली. जास्तीत जास्त पाच तास, दोन तासांनी एकदा आणि साडेतीन तासांनी एकदा सुट्टी विचारतात, पण ती सुट्टी त्या पाच तासांतूनच कापली जाते. मी तिला विचारलं, मग तू काय केलंस?

"उठलीच नाही मी," ती म्हणाली. "सकाळपासून पाणीच नव्हतं पेलं."