कोऱ्या तासांचा हिशेब: आमची वाटचाल

आमचं काम सांगायला सोपं आहे. छोट्या शहरांच्या पाणीपुरवठा योजनांवर पंपगृहातला डेटा लॉगर दर तासाला चार गोष्टी पाठवतो: फ्लोमीटर, पंपापासून टाकीपर्यंत जाणाऱ्या मुख्य नळीचा म्हणजे रायझिंग मेनचा दाब, टाकीची पातळी आणि वीजमीटर. त्यावरून सकाळी एका पानाचा दैनिक अहवाल निघतो. आमची पद्धत बदलत गेली ती एकाच प्रश्नापायी. ज्या तासाची नोंद आलीच नाही, त्या चौकटीत काय लिहायचं?

एक्सेलच्या काळात आम्ही मागची आणि पुढची नोंद सरळ रेषेने जोडत होतो. हवेच्या तापमानाला ते एकवेळ चालतं. पंप मात्र चालू असतो नाहीतर बंद. ताशी १२० घनमीटर देणारा पंप बंद होताना तासाभराने ८०, मग ४० असा जिना उतरत नाही. हे आकडे त्या पंपाने कधीच दिलेले नसतात, तरी आलेख इतका गुळगुळीत दिसतो की कुणाला शंका येत नाही. शेवटची नोंद पुढे ओढणं त्याहून वाईट, कारण वीज गेलेली असतानाही कागदावर पंप धावत राहतो. आणि शून्य भरलं तर ‘माहिती नाही’ आणि ‘पाणी नाही’ यांतला फरकच पुसला जातो.

आमच्या सगळ्या पद्धतीचं मूळ एका उदाहरणात आहे. सकाळी ६ वाजता प्रवाह ताशी १२० घनमीटर, टोटलायझर म्हणजे फ्लोमीटरवरचा एकूण पाण्याचा आकडा ४८,३३०. त्यानंतर ७, ८, ९ आणि १० च्या नोंदी नाहीत. ११ वाजता प्रवाह पुन्हा १२०, टोटलायझर ४८,५७०. दोन्ही टोकांना १२० असल्यामुळे सरळ रेषा मधल्या पाच तासांत ६०० घनमीटर पाणी ‘पाठवते’. टोटलायझरचा फरक फक्त २४० आहे. म्हणजे पूर्ण प्रवाह धरला तर पंप पाचातले जेमतेम दोन तास चालला. रेषेने ३६० घनमीटर पाणी हवेतून काढलं.

प्रवाह हा त्या क्षणाचा आकडा असतो. टोटलायझर साठत जाणारा. मोडेमला रेंज नसली तरी मीटर मोजत राहतो, त्यामुळे नोंदी हरवल्या तरी पाण्याचा हिशेब हरवत नाही. हरवतं ते एवढंच की हे २४० घनमीटर नेमके कोणत्या तासांत गेले. एक गोष्ट इथे सहज निसटते: नोंदी चार गेल्या असल्या तरी तासांचे हिशेब पाच अडतात, कारण १० ते ११ चा फरक काढायला १० ची नोंदच नाही. म्हणून अहवालात त्या पाच ओळी एकत्र करून आम्ही लिहितो: ‘०६:०० ते ११:००, एकूण २४० घनमीटर, ताशी विभागणी उपलब्ध नाही.’ २४० ला पाचाने भागून ४८-४८ लिहिण्याचा मोह टाळावा लागतो. बेरीज बरोबर येते, पण ४८ हा त्या पंपाचा प्रवाहच नव्हे. तो वाचून कुणीतरी इंपेलर झिजला म्हणून पंप उघडायला लावेल.

टोटलायझरवरही डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही. फ्लोमीटरचा स्वतःचा वीजपुरवठा गेला तर मागचा आकडा त्याच्या स्मृतीत टिकतो, पण तेवढ्या वेळात गेलेलं पाणी तो मोजत नाही. पंपाचीही वीज गेली असेल तर बिघडत नाही, पाणीही थांबलेलं असतं. फक्त मीटरचा पुरवठा जळाला असेल तर गडबड होते. ती पकडतो वीजमीटर. आमच्या उदाहरणातल्या पंपाला घनमीटरमागे साधारण ०.२१ युनिट लागतात, म्हणजे २४० घनमीटरला सुमारे ५०. वीजमीटरचा फरक ५१ आला तर दोन्ही साक्षीदार एकच सांगताहेत. तोच फरक १०५ आला तर पाणी ५०० च्या आसपास गेलं असावं आणि फ्लोमीटर मध्ये झोपला होता. अशा वेळी २४० हा ‘किमान’ आणि ५०० हा ‘अंदाज’ म्हणून छापतो, आणि अंदाज मोजलेल्या बेरजेत मिसळत नाही. फरक उणे आला तर मीटर बदललाय, रीसेट झालाय किंवा आकडे संपून पुन्हा शून्यावर आलाय. यातलं नेमकं काय घडलं, हे पंप ऑपरेटरचं लॉगबुक पाहूनच ठरवायचं.

नोंदींमधली सगळ्यात त्रासदायक खाच मध्यरात्रीची. २३:०० ला टोटलायझर ५०,३१०, पुढची नोंद थेट ०२:०० ला ५०,४९०. मधले १८० घनमीटर कालचे की आजचे? तासाला १२० च्या वर पाणी जात नाही, म्हणून कालचा वाटा ० ते १२० यांच्या मध्येच असणार, आणि उरलेले ६० ते १८० आजच्या दोन तासांत मावतात. २३:०० पर्यंतची बेरीज १,५६० असेल तर कालचा आकडा ‘१,५६० ते १,६८०’ असा जातो. कमाल मर्यादा आम्ही पंपाच्या नामपट्टीवरून घेत नाही, गेल्या ३० दिवसांत प्रत्यक्ष मोजलेल्या सर्वाधिक ताशी पाण्यावरून घेतो. दोन पंप एकाच रायझिंग मेनवर असतील तर दोघांचं मिळून पाणी दुपटीपेक्षा कमीच असतं, कारण प्रवाह वाढला की घर्षण वाढतं. खाच महिनाअखेरच्या मध्यरात्रीची नसेल तर महिन्याच्या बेरजेला तिने धक्का लागत नाही. पहिली आणि शेवटची नोंद पुरते.

टाकीच्या पातळीला मात्र रेषेची थोडी मुभा आहे: एकच नोंद गेली असेल, खाचेच्या दोन्ही बाजूंना पंपाची स्थिती तीच असेल, तरच. पायथॉनवर आल्यावर इथेच दोनदा फसलो. त्यातल्या पँडास लायब्ररीत `interpolate(limit=1)` म्हणजे ‘एका तासाचीच खाच भर’ असं नव्हे. पाच तासांच्या खाचेतलाही पहिला तास ते भरतं. शिवाय शेवटची खाच असेल तर शेवटचा आकडा पुढे ओढतं. म्हणून खाचेची लांबी आधी मोजावी लागते; इथे `lvl` म्हणजे टाकीची ताशी पातळी:

```python
gap = lvl.isna()
run = gap.groupby((gap != gap.shift()).cumsum()).transform("sum")
filled = lvl.interpolate(limit_area="inside")
out = lvl.where(~(gap & (run == 1)), filled)
```

पंपाच्या स्थितीची अट यानंतर वेगळी लावतो. तसंच `resample("1D").sum()` पूर्ण कोऱ्या दिवसाला चक्क ० देतं; `sum(min_count=1)` लिहिलं की दिवस कोराच राहतो.

दाब आम्ही कधीच भरत नाही. किमान, कमाल, सरासरी फक्त आलेल्या नोंदींवरून, आणि शेजारी ‘२४ पैकी २०’ हा आकडा.

काही खाचा खऱ्या नसतातच. लॉगरचं घड्याळ सरकलं की १०:०२ आणि १०:५८ या दोन्ही नोंदी दहाच्या तासात पडतात आणि अकराची चौकट कोरी दिसते. नोंद जवळच्या तासाला जोडायची, फरक १० मिनिटांपेक्षा जास्त नसेल तर. लॉगर जागतिक वेळेवर असेल आणि साडेपाच तास मिळवायचे राहिले असतील तर पूर्ण तासाच्या नोंदींतून हे ओळखू येत नाही. पंप रोज ज्या वेळी सुरू होतो ती वेळ लॉगबुकशी ताडून पाहिली की लगेच दिसतं. रेंज आल्यावर साठवलेल्या नोंदी उशिरा येतात, त्यामुळे सकाळचा अहवाल ‘तात्पुरता’ असतो. ४८ तासांनी तो पुन्हा काढला जातो, आणि बदललेल्या आकड्याशेजारी जुना आकडाही छापलेला राहतो.