सोबत जोडले आहे

शुक्रवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी न्हावाशेव्याच्या एजंटचा फोन आला. 'साहेब, तुमचा डबा या जहाजावर जात नाही. चारला कटऑफ झाला, वजनाचा कागद आलाच नाही.'

सांगलीत आमचं निर्यातीच्या कागदपत्रांचं छोटं ऑफिस आहे. डबा हळद पावडरचा होता, वीस फुटी. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत, त्यामुळे काट्याची पावती हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक कागद. ती आमच्याकडे सकाळी अकरालाच आलेली होती.

फॉरवर्ड करणारी आमची सहकारी तेव्हा कुपवाडच्या गोडाऊनमध्ये दुसऱ्या डब्याच्या लोडिंगवर होती. धावतच परत आली. बोटं हळदीनं पिवळी झालेली, त्याच बोटांनी तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. 'सर, मी बाराच्या आत पाठवलंय. हे बघा.' मेल खरंच गेला होता. मजकूरही स्वच्छ होता: 'इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि काट्याची पावती सोबत जोडले आहे.' खाली मात्र एकही फाईल नव्हती. एजंटकडून पाऊणला 'कागद दिसत नाहीत' असं उत्तर आलं होतं, तेही तिच्या एकटीच्या मेलवर, आणि गोडाऊनमध्ये तिला ते बघायला सवड झाली नव्हती.

मी तिच्याबरोबर बसून मेलची सगळी साखळी उघडली. व्यापाऱ्याच्या पहिल्या मेलला तीन पीडीएफ होत्या. आमच्याच दुसऱ्या सहकाऱ्यानं त्याला 'मिळाले, पुढे पाठवतो' असा रिप्लाय दिला. रिप्लाय दिला की जुन्या मेलचा मजकूर खाली राहतो, पण फाईली सुटतात. हिनं साखळीतला सगळ्यात खालचा मेल, म्हणजे तो रिप्लायच, फॉरवर्ड केला. जीमेल ज्या मेलवरून फॉरवर्ड कराल त्याच मेलच्या फाईली पुढे नेतं. त्या मेलला फाईलच नव्हती. स्क्रीनवर मात्र वर स्क्रोल केलं की तिन्ही पीडीएफ दिसत होत्या, म्हणून तिला वाटलं, गेल्या. इंग्रजीत attached असं काही लिहिलं आणि फाईल नसली तर जीमेल बऱ्याचदा हटकतं. आमचा मजकूर मराठीत होता, त्या दिवशी त्यानं हटकलं नाही.

संध्याकाळी मी सगळ्यांचं गेल्या पंधरा दिवसांचं Sent चाळलं. असे आणखी सहा मेल निघाले. एक माझा होता. बाकीच्या वेळी एजंटनं लगेच फोन केला म्हणून निभावलं होतं. मग लक्षात आलं, की आलेला मेल दहा मिनिटांत पुढे गेलाच पाहिजे हा धोशा मीच लावला होता. पुढे काय गेलं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

रात्री टीमला पत्र लिहायला बसलो. त्यातला मुख्य भाग असा होता:

'फॉरवर्ड करताना ज्या मेलला क्लिप दिसते तोच मेल उघडा आणि त्यावरूनच फॉरवर्ड करा. कागद दोन-तीन मेलमध्ये विखुरलेले असतील तर वरच्या तीन टिंबांमधलं Forward all वापरा. आधी फाईली बघा, मग मजकूर लिहा, पत्ता शेवटी टाका. नुसतं "सोबत जोडले आहे" लिहू नका. "सोबत ३ फाईली" असं लिहून नावं द्या, म्हणजे एखादी कमी असली तर समोरच्याला वाचतानाच कळेल. एखादा कागद अजून आला नसेल तर तो आला नाही असंच लिहा, कधी येणार तेही लिहा. एजंटला त्याचं काम सुरू करता येतं. खोट्या "सोबत"नं तो नुसता थांबून राहतो. पाठवल्यावर Sent मध्ये जाऊन फाईल एकदा उघडा. ऑफिसचा सामाईक पत्ता सीसीत ठेवा, म्हणजे तुम्ही गोडाऊनला असलात तरी उत्तर कुणीतरी वाचेल. समोरून "मिळाले" येईपर्यंत ते काम आपलंच आहे.'

पत्राच्या सुरुवातीला मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं: 'एजंटनं वेळेत फोन केला असता तर हे टळलं असतं.'

शनिवारी सकाळी, पत्र पाठवण्याआधी, वसंतदादा मार्केट यार्डात गेलो. डबा आठवड्यानंतरच्या जहाजावर जाणार आणि मधल्या दिवसांचं भाडं आम्ही भरणार, हे फोनवर सांगणं बरं वाटेना. व्यापारी वयस्कर गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, 'मी कागद अकरालाच दिले होते ना?'

'हो,' मी म्हणालो.

ऑफिसात परत आलो, पत्रातलं ते पहिलं वाक्य खोडलं, तिथे दहा मिनिटांचा नियम मी मागे घेतोय असं लिहिलं आणि पत्र पाठवलं.