भाचा की पुतण्या? शिष्यवृत्तीच्या पेपरात आम्ही अडलो ती जागा

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत ५० प्रश्न असतात. त्यातली सांकेतिक भाषा आणि समसंबंध आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांनी आठवडाभरात उरकले. संकेतात अक्षर किती घरं पुढं सरकलं ते मोजायचं. समसंबंधात पहिली जोडी वाक्यात बोलायची: कापूस वेचतात, मग सोयाबीन सोंगतात.

गाडी अडली ती नातेसंबंधांवर. त्यातही एकाच शब्दावर.

प्रश्न असा: फोटोतल्या मुलाकडे बोट दाखवून रेखा म्हणाली, "याच्या वडिलांची एकुलती एक बहीण म्हणजे माझ्या मुलाची आई." तर तो मुलगा रेखाचा कोण? पर्याय: पुतण्या, भाचा, भाऊ, आत्या.

वाक्य शेवटाकडून सोडवा. "माझ्या मुलाची आई" म्हणजे रेखा स्वतःच. तिला वहीत गोल काढा, पुरुषाला चौकोन. रेखा मुलाच्या वडिलांची बहीण, म्हणजे तो तिच्या भावाचा मुलगा. इथवर सगळे येतात आणि "भावाचा मुलगा" दिसला की पुतण्यावर गोल रंगवतात. चूक! पुरुषाच्या भावाचा मुलगा पुतण्या. बाईच्या भावाचा मुलगा भाचा, कारण ती त्याची आत्या. बहिणीचा मुलगा मात्र दोघांचाही भाचाच.

ही गफलत का होते? हिंदीत भावाचा मुलगा भतीजा, सांगणारा बाप्या असो की बाई. आपल्याकडे हिंदी रोज कानावर असते, पोरं तोच हिशेब मराठीला लावतात. मला राग आहे तो एका सराव संचाचा. त्याच्या उत्तरसूचीत असल्याच प्रश्नाला पुतण्या छापलं होतं, आणि बरोबर लिहिणाऱ्या पोरीनं ते खोडून चूक करून घेतलं.

म्हणून आता पहिली खूण बोलणाऱ्यावर करायला लावतो, फोटोतल्या माणसावर नाही. रेखाच्या जागी रमेश ठेवून, बहिणीच्या जागी भाऊ आणि आईच्या जागी वडील केले, की उत्तर पुतण्या होतं.

पर्यायातला "आत्या"ही उगाच नसतो. "मुलगा रेखाचा कोण" विचारलंय की "रेखा मुलाची कोण", हे न पाहणारा त्यात सापडतो. "कोण"च्या आधीच्या नावाखाली, म्हणजे इथं "रेखाचा"खाली, रेघ मारा. उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं. रेखा त्या मुलाला काय म्हणेल? भाचा.

एक राहिलं. घरी थोरल्या काकांना मोठे बाबा म्हणणाऱ्या लहान पोरांना पर्यायातला "चुलता" कळत नाही, तो आधी सांगून ठेवा. आणि बोलणाऱ्याचं नाव किरण किंवा सुमन असेल तर नावावर जाऊ नका, "म्हणाला" की "म्हणाली" ते क्रियापदात बघा.