मॅडम, आधी कुठली बिलं उतरवू?

मी कोल्हापुरात फ्रीलान्स कॅडचं काम करतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्नची ड्रॉइंग्ज आणि थ्रीडी मॉडेल्स करून देतो. माझे आधीचे अकाउंटंट निवृत्त झाले आणि काम एका नव्या मॅडमकडे गेलं. त्यांना खरेदीची बिलं द्यायची होती, पण ती सगळी फोटोत होती आणि तीही तीन ठिकाणी. नोव्हेंबर २०२५ सुरू झाला होता. त्यांना पाठवलेला मेसेज इथे देतो, कारण पुढचं सगळं काम त्या मेसेजमुळेच सोपं झालं.

‘नमस्कार मॅडम. मी इंजिनिअर आहे. जीएसटीचं रिटर्न दर महिन्याला भरतो, इन्कम टॅक्स ४४एडीएखाली भरतो. एप्रिल २०२४ पासूनची खरेदीची बिलं फोटोत आहेत, दोनशेच्या वर. काही माझ्या गॅलरीत, काही दुकानदारांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली, काही भावाच्या फोनमध्ये, कारण उद्यमनगरातलं सामान तो आणतो. माझी स्वतःची विक्रीची बिलं सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ती सगळी रिटर्नमध्ये गेलेली आहेत. खरेदीचं क्रेडिट गेल्या वर्षी २बी मध्ये जेवढं दिसलं तेवढंच घेतलं आहे. फोटोंमध्ये कॉम्प्युटर-प्रिंटरची मोठी बिलं आहेत, कागद-टोनरची आहेत, पेट्रोल आणि जेवणाची आहेत, आणि या ऑक्टोबरपासून घेतलेल्या परदेशी सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनचं एक आहे. काही थर्मल कागदावरची बिलं फिकट होत चालली आहेत. सगळी एक्सेलमध्ये उतरवायला बरेच दिवस जातील. ३० नोव्हेंबरच्या आत तुमच्या हातात काय असायला हवं? आधी कुठली उतरवू, कुठली नंतर चालतील आणि कुठली उतरवायचीच नाहीत? नमुन्याला तीन फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवले आहेत.’

३० नोव्हेंबर ही तारीख मी मुद्दाम घातली. क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा करणं. एका आर्थिक वर्षाच्या खरेदीचं राहून गेलेलं क्रेडिट पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेवढ्यापर्यंतच. म्हणजे २०२४-२५ ची बिलं आता शेवटच्या टप्प्यात होती. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवले, कारण नेहमीसारखे पाठवले तर व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरातला जीएसटी नंबर वाचता येत नाही.

मॅडमचा फोन लगेच आला. पहिलंच म्हणाल्या, “४४एडीए लिहिलंत ते बरं झालं, निम्मं काम तिथंच संपलं.” त्या कलमाखाली जमा झालेल्या पैशांतले निम्मे नफा म्हणून धरले जातात, खर्च बिलानिशी दाखवावा लागत नाही. त्यामुळे इन्कम टॅक्ससाठी माझं एकही खरेदी बिल उतरवायची गरज नव्हती. उरला जीएसटी. त्यात पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे आणि माझ्यासारख्याला जेवणाच्या बिलाचं क्रेडिट कायद्यानेच मिळत नाही. हा गठ्ठा बाजूला. टाकून द्यायचा नाही, कारण कागदपत्रं काही वर्षं सांभाळावीच लागतात. पण टाइपही करायचा नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला सर्वांत मोलाची वाटते. २बी म्हणजे आपल्या विक्रेत्यांनी आपल्या नावावर भरलेल्या बिलांची यादी, ती पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. त्यात जे बिल आहे त्याचा आकडा, तारीख, कर सगळं आधीच टाइप झालेलं आहे. मग फोटोतून परत कशाला काढायचं? “एप्रिल २०२४ पासूनच्या सगळ्या २बी डाउनलोड करून घ्या आणि फोटो फक्त त्यांच्याशी लावत जा. लागला की त्याला खूण करा. जे लागत नाहीत तेवढेच मला हवेत,” असं त्या म्हणाल्या. लावताना महिना पुढे-मागे होतो, हेही त्यांनी बजावलं. तीन महिन्यांनी रिटर्न भरणाऱ्या दुकानदाराचं जानेवारीचं बिल मार्चच्या २बी मध्ये दिसू शकतं. त्यामुळे मी तारखेवरून न शोधता विक्रेत्याचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर यांवरून शोधलं.

फोटोतून नंबर वाचताना एक गोष्ट फार उपयोगी पडली. जीएसटी नंबर १५ खुणांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दहा म्हणजे पॅन, त्यात पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौदावी खूण बहुधा Z असते. त्यामुळे पुसट फोटोत शून्य आहे की O, 8 आहे की B, हे पॅनच्या भागात जागेवरूनच ठरतं. बिल नंबरला असा आधार नसतो, तिथं मूळ कागदच काढावा लागला.

लावून झाल्यावर मोजकीच बिलं उरली, आणि त्यातलं एक मोठं होतं. मार्च २०२५ मध्ये घेतलेला कॉम्प्युटर, ६०,००० अधिक १८ टक्के, म्हणजे १०,८०० रुपये कर. बिलावर माझा जीएसटी नंबर स्वच्छ छापलेला, पण कुठल्याच महिन्याच्या २बी मध्ये ते नव्हतं. मॅडमनी फोटो बघूनच अंदाज केला की दुकानाने ते साध्या गिऱ्हाइकाच्या विक्रीत भरलं असणार. तसंच निघालं. आता इथे तारखांची साखळी होती. दुकानाने ते माझ्या नंबरवर ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, ११ नोव्हेंबरपर्यंत घातलं, तर १४ तारखेच्या २बी मध्ये येणार आणि २० तारखेच्या ३बी मध्ये, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये, मला क्रेडिट घेता येणार. ते हुकलं तर १०,८०० गेलेच. म्हणून सगळ्यांत आधी उतरवायचं बिल हे होतं. बिल नंबर, तारीख, रक्कम, सीजीएसटी आणि एसजीएसटी ५,४००-५,४००, माझा नंबर, एवढं एका ओळीत लिहून फोटोसकट मी दुकानात जाऊन दिलं. मालक म्हणाले, “बघतो की, आजच सांगतो आमच्या माणसाला.”

दुसरा नंबर सबस्क्रिप्शनचा. त्या बिलावर कर शून्य होता, म्हणून मला ते बिनमहत्त्वाचं वाटण्यासारखं होतं. पण परदेशातून सेवा घेतली की नोंदणी असलेल्या माणसाने त्यावर स्वतः कर भरायचा असतो, आणि ते २बी मध्ये येतच नाही. म्हणजे फोटोतून काढल्याशिवाय ते कुणाला कळणारच नाही. १०,००० रुपयांवर १,८०० रोखीने भरायचे आणि त्याच ३बी मध्ये क्रेडिट घ्यायचं. शेवटी खिशातून काही जात नाही, पण वेळेवर भरलं नाही तर व्याज लागतं.

थर्मल बिलांसाठी वेगळा नियम. ती उतरवायची घाई नाही, पण परत नीट फोटो काढायची घाई आहे. भावाकडच्या काही चिठ्ठ्या खिडकीच्या उजेडात सपाट धरून काढल्या तेव्हा जुन्या फोटोत न दिसणारा कराचा आकडा वाचता आला.

१४ तारखेला कॉम्प्युटरचं बिल २बी मध्ये दिसलं. टोनरची दोन बिलं मात्र राहिली. त्यांचं दुकान बंद झालंय आणि रिटर्न भरलेलंच नाही, त्यामुळे ते क्रेडिट मॅडमनी सोडून द्यायला सांगितलं. चालू वर्षाचे उरलेले फोटो आता महिन्यानुसार फोल्डरमध्ये ठेवले आहेत. ते डिसेंबरमध्ये लावले तरी चालतील असं त्यांनी सांगितलंय.