तत्सम की तद्भव: 'काल'पाशी अडलेली यादी

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम आणि रूप बदलून आलेले तद्भव शब्द वेगळे करण्यासाठी मला मिळालेल्या यादीसोबत एक सूचना छापलेली होती: जोडाक्षर दिसले की शब्द तत्सम, नाहीतर तद्भव. त्या सूचनेबद्दलचा राग अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही, कारण 'नर', 'जल', 'देव' यांत जोडाक्षर नसूनही ते तत्सम आहेत आणि 'उन्हाळा' या शब्दात जोडाक्षर असूनही तो 'उष्णकाल'पासून झालेला तद्भव आहे.

सूचना बाजूला ठेवल्यावर बरेचसे शब्द सहज लागले. 'हस्त'चे प्राकृतात 'हत्थ' आणि मराठीत 'हात' झाले. म्हणजे जोडाक्षराचे आधी द्वित्त झाले, मग त्यातील एक व्यंजन गळले आणि मागचा स्वर दीर्घ झाला. 'सप्त' ते 'सात', 'दुग्ध' ते 'दूध' हीच वाट आहे.

मी अडलो तो 'काल' या शब्दापाशी. उत्तरसूचीत त्यापुढे नुसते 'तत्सम' लिहिलेले होते. 'कालखंड', 'कालगणना' यांतील समयवाचक 'काल' तत्सम आहे, हे खरे. परंतु 'तो काल आला' यातील 'काल' संस्कृत 'कल्य'पासून, प्राकृत 'कल्ल'मार्गे आलेला आहे, म्हणून तो तद्भव. मग समयवाचक 'काल'चा तद्भव कोणता, तर 'काळ'. दोन स्वरांमधील एकेरी 'ल'चा मराठीत 'ळ' होतो, जसे 'फल'चे 'फळ'. 'ल्ल' या द्वित्ताचा मात्र 'ल'च राहतो. त्यामुळे आदल्या दिवसाच्या 'काल'मध्ये टिकलेला 'ल' संस्कृत रूप जसेच्या तसे उरल्याची खूण नसून पूर्वी तेथे द्वित्त होते याची खूण आहे. हे उलगडले तेव्हा मला मनापासून समाधान वाटले, आणि उत्तरसूचीबद्दलची चीड आणखी वाढली.

हाच पेच 'काम' आणि 'पान' यांतही आहे. वासना या अर्थाचा 'काम' तत्सम आहे, तर कार्य या अर्थाचा 'काम' हा 'कर्म', 'कम्म' असा येऊन तद्भव झाला आहे. 'जलपान'मधील 'पान' तत्सम, तर झाडाचे 'पान' हे 'पर्ण'चे तद्भव रूप आहे. अशा शब्दांचा अर्थ यादीत दिलेला नसेल, तर एकच उत्तर देता येत नाही. मी प्रत्येकाच्या दोन नोंदी केल्या आणि अर्थ शेजारी लिहिला.

आधी सांगायला हवी होती अशी एक गोष्ट राहिली. 'कवी', 'रवी' यांतील दीर्घ अंत्याक्षर पाहून त्यांना तद्भव ठरवू नये. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनुसार असे तत्सम शब्द दीर्घान्त लिहितात. समासात मात्र 'कविमन', 'रविवार' असा मूळचा ऱ्हस्व परत येतो, आणि तेवढ्यावरून शब्द ओळखता येतो.